जांघेतलं गजकर्ण आणि चिखल्या: डाग गेल्यावर मलम किती दिवस?

प्रश्न: वय ३४, बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीत कामाला, गाव खानापूर तालुक्यात. रोप लावणीनंतर पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या, मग दोन्ही जांघांत गजकर्ण. टर्बिनाफिनची १० ग्रॅमची ट्यूब आणून आठ दिवस लावली, सगळं साफ गेलं. महिन्याभरात तिथंच परत आलं. मेडिकलवाला म्हणतो, ते सोडा, ल्युलिकोनाझोल घ्या. नेमकं चांगलं कुठलं? आणि डाग गेल्यावर किती दिवस लावत राहायचं?

उत्तर: डाग गेल्यावर आणखी पूर्ण दोन आठवडे. आणि सुरुवातीपासून मोजलं तर चार आठवड्यांच्या आत थांबायचंच नाही, मग डाग दहाव्या दिवशी गेलेला असला तरी. पण ‘डाग गेला’ कशाला म्हणायचं, इथंच बहुतेक पेशंट चुकतात, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. मलम कुठलं, हा प्रश्न तुम्हाला मोठा वाटतोय. माझ्या लेखी तो दुसरा.

आधी तुमच्या ट्यूबचा हिशोब करू. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, रेषेपासून टोकापर्यंत, मलमाची एक पट्टी काढली की ती साधारण अर्धा ग्रॅम भरते. एवढं मलम मोठ्या माणसाच्या दोन पंजांइतक्या कातडीला पुरतं. दोन्ही जांघांतला चट्टा आणि त्याच्या भोवतीची जागा धरली तर ती साधारण दोन पंजे होते, म्हणजे एक पेर. दोन्ही पायांच्या बोटांच्या बेचक्या आणि आजूबाजूची कातडी, आणखी एक पेर. एका वेळेला एक ग्रॅम, दिवसातून दोनदा लावायचं तर दोन ग्रॅम. १० ग्रॅमची ट्यूब पाचव्या दिवशी संपायला हवी. तुमची आठ दिवस पुरली, म्हणजे एक तर तुम्ही पुसटसं लावत होता किंवा दिवसातून एकदाच लावत होता. यात तुम्हाला दोष देत नाही. दुकानात लहान ट्यूबच हातात देतात आणि ‘थोडं थोडं लावा’ म्हणतात. पण साफ व्हायचे आणि वरचे दोन मिळून सहा आठवडे लागले, आणि दिवसाला दोन ग्रॅम धरले, तर ८४ ग्रॅम होतात. एका ट्यूबमध्ये बरं झालं असं कुणी सांगितलं की मी त्याला महिन्याने परत यायला सांगतो. बहुतेक जण त्याआधीच येतात.

आता, डाग गेल्यावरही का लावायचं? गजकर्ण काय, चिखल्या काय, दोन्ही बुरशीमुळे होतात. ही बुरशी रक्तात नसते, मांसात नसते. कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या, शिंगासारख्या थरात ती राहते आणि त्यातलं केराटिन खाते. तुम्हाला जो लालपणा आणि खाज दिसते ती बुरशी नव्हे, ती बुरशीला चिडलेली तुमची कातडी. मलमाने बुरशी कमी झाली की कातडी शांत होते, खाज थांबते, लाली जाते, आणि माणसाला वाटतं, गेलं. थरात मात्र बुरशीचे धागे आणि कण उरलेले असतात. तो थर खालून नवा येत वरून गळून पडायला जांघेसारख्या पातळ कातडीत साधारण दोन आठवडे घेतो, तळपायाच्या जाड कातडीत त्याहून जास्त. म्हणून दोन आठवडे. हा आकडा कुणी उगीच ठरवलेला नाही. उरलेली बुरशी कातडीबरोबर बाहेर पडेपर्यंत खालच्या नव्या थरात तिला शिरू द्यायचं नाही, एवढंच त्या दोन आठवड्यांचं काम.

दोन आठवडे मोजायला कधी सुरुवात करायची? खाज थांबली त्या दिवसापासून नाही. खाज सगळ्यात आधी जाते, पाच-सहा दिवसांत. आणि काळा डाग जाईपर्यंतही नाही, तो आपल्या रंगाच्या कातडीवर महिनोन्‌महिने राहतो. तो जळून गेलेल्या गवताच्या राखेसारखा असतो, आग विझलेली असते. त्या काळ्या डागाला ‘अजून आहे’ समजून लोक वर्षभर मलम चोळतात, आणि त्यातले काही मग स्टिरॉइडच्या ट्यूबकडे वळतात. बघायच्या गोष्टी तीन: पांढरा भुसा, कडेचा उंचवटा, खाज. तिन्ही गेले, तो पहिला दिवस.

बघायची वेळही ठरलेली पाहिजे. सकाळी, आंघोळीआधी, मलम लावायच्या आधी, खिडकीच्या उजेडात. मलम लावल्यावर भुसा चिकटून बसतो आणि कातडी गुळगुळीत दिसते, तेव्हा काहीच कळत नाही. कातडी दोन बोटांनी ताणा आणि नखाच्या पाठीने कडेवर हलकं घासा. बारीक पांढरी पूड निघाली तर अजून आहे. मग डोळे मिटून कडेवरून बोट फिरवा, कड बोटाला लागते का बघा. गजकर्णाचं जिवंत ठिकाण नेहमी कडेला असतं, मधलं आधी साफ होतं, त्यामुळेच त्याला ते गोल रूप येतं. म्हणून मलमही मधोमध थापण्यात अर्थ नाही. कडेच्या बाहेर, जिथं काहीच दिसत नाही त्या कातडीवर, अंगठ्याच्या रुंदीइतकं, म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटर पुढे जाऊन लावायचं. दिवसातून दोनदा, दोन सेंटिमीटर बाहेर, साफ झाल्यावर दोन आठवडे. दोनाचा हा नियम त्वचारोगाच्या डॉक्टरांमध्ये सगळीकडे वापरला जातो.

आता मलमाचा प्रश्न. बुरशीच्या पेशीला बाहेरून एक आवरण लागतं आणि ते बनवायला एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ लागतो. टर्बिनाफिन तो बनवण्याची सुरुवातीची पायरी अडवतं. तिथे स्क्वालीन नावाचा कच्चा माल साचतो आणि तो साचणं बुरशीला घातक ठरतं, म्हणून ती मरते. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, केटोकोनाझोल, ल्युलिकोनाझोल ही सगळी अझोल. ती पुढची पायरी अडवतात. यातल्या बहुतेकांनी बुरशी मरण्यापेक्षा तिची वाढ थांबते, आणि बाकीचं काम कातडीच्या गळण्यावर सोडावं लागतं. म्हणून जुन्या पुस्तकांत आणि ट्यूबच्या डबीतल्या कागदावर टर्बिनाफिनला एक-दोन आठवडे आणि क्लोट्रिमाझोलला दोन ते चार आठवडे लिहिलेले असतात. मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा हे खरंच लागू पडायचं. जांघेतलं गजकर्ण टर्बिनाफिनने आठवड्यात जायचं आणि परत यायचं नाही.

गेल्या दहा वर्षांत चित्र बदललंय. भारतात जी बुरशी आता पसरलीय तिला २०२० मध्ये वेगळं नाव मिळालं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. हिच्या अनेक वाणांमध्ये, टर्बिनाफिन जिथं पकडतं त्या एन्झाइमचा आकारच थोडा बदललेला आढळतो. कुलूप बदललं की जुनी किल्ली फिरत नाही, तसं. गोळ्या घेणाऱ्यांत हे जास्त जाणवतं. मलम थेट जागेवर जातं, तिथं औषध खूप जास्त असतं, त्यामुळे मलमाचा थोडाफार उपयोग अजूनही होतो. पण ‘टर्बिनाफिन एक आठवडा’ हा कागदावरचा हिशोब जांघेतल्या गजकर्णाला मी आता धरत नाही.

पायाच्या बेचक्यांतल्या चिखल्यांना मात्र टर्बिनाफिन अजूनही माझी पहिली पसंती. तिथली बुरशी बरेचदा जुन्या जातीची असते, आणि पायावर टर्बिनाफिन अझोलपेक्षा थोडं सरस ठरतं हे वेगवेगळ्या चाचण्या एकत्र ठेवून पाहिल्यावरही दिसलेलं आहे. जांघेत अझोल घ्यायला आणखी एक कारण आहे. जांघेतला प्रत्येक लाल पट्टा गजकर्ण नसतो. कॅन्डिडा नावाची दुसरी बुरशी असेल तर अंडकोषावरही लाली येते आणि मोठ्या चट्ट्याबाहेर बारीक बारीक पुटकुळ्या सुटतात. आणखी एक जिवाणू आहे, त्याने सपाट, तपकिरी, न खाजणारा डाग येतो. या दोन्हींवर अझोल मलम चालतं, टर्बिनाफिन तितकं नाही. गजकर्ण अंडकोषाला बहुधा सोडून देतं, ही खूण घरी बघता येते.

तुमच्या बाबतीत मेडिकलवाला जे म्हणाला त्यात चूक नाही, पण कारण चुकीचं आहे. तुमचं टर्बिनाफिन हरलं असं मी म्हणणार नाही, ते पुरतं वापरलंच गेलं नव्हतं. तरीही जांघेत परत आलंय म्हणून तिथं मी अझोल देईन, आणि दोन जागांना दोन मलमं नकोत म्हणून पायालाही तेच. दोन मलमं एकावर एक लावून फायदा होत नाही, माणूस फक्त गोंधळतो. ल्युलिकोनाझोल दिवसातून एकदा लावलं तरी चालतं, फौंड्रीत शिफ्ट करणाऱ्या माणसाला ही सोय मोठी आहे. पैशाची अडचण असेल तर जनऔषधीचं क्लोट्रिमाझोल घ्या, पण ते दोन वेळा लावावंच लागेल. दोघांच्या कागदावर किती दिवस लिहिलंय ते बाजूला ठेवा. थांबायचा नियम वर सांगितला तोच.

गेल्या वर्षीचा एक पेशंट सांगतो, कारण त्याचं बरंचसं तुमच्यासारखंच होतं. खानापूरकडचा शेतकरी, घरात सहा माणसं. जूनअखेरीला रोप लावणी, दिवसभर चिखलात, बेचक्यांत पांढरी भिजकी कातडी. घरच्यांनी मेंदी लावली. मेंदीने बेचकी थोडी सुकते, पण कातडी लालभडक रंगते आणि खाली काय चाललंय ते दिसत नाही. पुढे जांघेत आलं. टर्बिनाफिन आठ दिवस लावलं, गेलं, परत आलं. मग कुणीतरी ‘तीन औषधांचं एकच मलम’ आणून दिलं. दोन दिवसांत खाज बंद. त्या आनंदात त्याने सहा आठवडे तेच लावलं. माझ्याकडे आला तेव्हा चट्टा जांघेतून ढुंगणावर आणि कमरेवर, करदोट्याच्या रेषेत पट्ट्यासारखा पसरलेला. कड अस्पष्ट, रिंगेच्या आत दुसरी रिंग, आणि जांघेत गरोदरपणात पोटावर येतात तसे कातडी फाटल्याचे वळ.

त्या मलमात क्लोबेटासॉल होतं, म्हणजे कडक स्टिरॉइड. स्टिरॉइड कातडीची चीड दाबून टाकतं, बुरशीला मारत नाही. पहारेकरी झोपवून चोराला मोकळं रान, असा प्रकार. ट्यूबवर घटक वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काहीही दिसलं तर जांघेत लावू नका, सोबत मायकोनाझोल लिहिलेलं असलं तरी. हे वळ जन्मभर राहतात.

त्याची मी आधी खरवड तपासली. ब्लेडने कडेचा भुसा काढायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात भिजवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. बुरशीचे फांद्या फुटलेले धागे लगेच दिसतात, तासभराचं काम. (तुम्ही आधी मलम लावून आलात तर धागे मिळत नाहीत, म्हणून तपासणीला यायच्या आधी आठ-दहा दिवस मलम बंद ठेवावं लागतं, आणि हे पेशंटला कुणीच सांगत नाही.) चट्टा एवढा पसरलेला असल्याने नुसत्या मलमाने भागलं नसतं. यकृत आणि चालू औषधं तपासून मी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल सुरू केल्या, जेवणानंतर. तो रोज सकाळी पित्ताची गोळी घ्यायचा. पोटातलं आम्ल कमी झालं की इट्राकोनाझोल शोषलं जात नाही. ती गोळी बंद केली नसती तर कॅप्सूल वाया गेल्या असत्या. हृदय कमजोर असणाऱ्यांना हे औषध चालत नाही आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी ते जमत नाही, म्हणून ते मेडिकलमधून स्वतः आणून खाऊ नका.

करदोटा काढायला सांगितला. तो भिजका, कधी न सुकणारा दोरा बुरशीचं कायमचं घर होतं. बरं झाल्यावर नवा बांध म्हटलं, त्यावर आईचीही हरकत राहिली नाही. सोबत अझोल मलम, दोनदा. दुसऱ्या आठवड्याअखेर खाज गेली आणि तो मलम थांबवायला निघाला होता. नखाने कड घासून दाखवली, पूड निघाली. पाचव्या आठवड्यात कड गुळगुळीत झाली, भुसा नाही, फक्त काळे डाग. तिथून दोन आठवडे मोजले. सातव्या आठवड्यात थांबलो.

तरी एक गोष्ट मी पहिल्या भेटीत विसरलो होतो. तळपाय. त्याने ‘पाय भेगाळलेत, शेतकऱ्याचेच पाय ते’ म्हटलं आणि मी मान डोलावली. तिसऱ्या भेटीत नीट पाहिलं तर दोन्ही तळव्यांच्या कडेला खडूच्या भुकटीसारखा कोरडा पांढरा भुसा, चपलेच्या आकारात. खाज नाही म्हणून कुणी लक्ष दिलेलं नव्हतं. तीही बुरशीच. जांघेत येणारं बहुतेक वेळा तिथून येतं, आणि वर कसं चढतं ते फार साधं आहे: चड्डी घालताना पाय त्यातून जातो. म्हणून कामाला निघताना मोजे आधी घालायचे, चड्डी नंतर. वेडगळ वाटतं, पण करून बघा. पाय आणि जांघ पुसायला वेगळे टॉवेल घ्या, पाय शेवटी पुसा.

तुमचे तळवे आणि नखंही बघा. तळव्यावर भुसा असेल तर पायाला सगळीकडून लावा, त्याला प्रत्येक पायाला दोन पेरं लागतील आणि चार आठवडे कमी पडतील. नख जाड, पिवळं, खालून भुसभुशीत झालेलं असेल तर मलम त्यात पोचत नाही. ते राहिलं तर कितीही मलम लावा, दर पावसाळ्यात तुम्ही परत याल. त्याला गोळ्या लागतात, त्याही महिनोन्‌महिने. ते डॉक्टरांकडे.

फौंड्रीचे बूट रोज एकच जोड घालत असाल तर दोन जोड ठेवा, एक सुकायला एक दिवस मिळू दे. बेचकी पूर्ण कोरडी केल्यावरच मलम लावा, ओल्या जागी ते पसरतं, मुरत नाही. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात कपडे सुकतच नाहीत. जीन्स सोडा, सुती सैल चड्ड्या उलट्या करून वाळवा आणि शिवणीवर गरम इस्त्री फिरवा. घरात दुसऱ्या कुणाला खाज आहे का तेही विचारा, आणि असेल तर दोघांचे उपचार एकाच आठवड्यात सुरू करा. कन्नड बोलणारे माझे पेशंट याला हुळुकड्डी म्हणतात. नाव काहीही असो, घरातल्या एकाच्या अंगावर राहिलं तर दुसऱ्याचं बरं होऊन टिकत नाही.

घरी थांबून चालणार नाही अशी वेळही असते. बेचकीतून पू किंवा वास येत असेल, पाय लाल, गरम, सुजलेला आणि ताप असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. चिखल्यांच्या भेगेतून जिवाणू आत शिरलेले असतात. मधुमेह असेल तर एक दिवसही थांबू नका. मलमाने आग होऊन चट्टा वाढत चालला, किंवा पुरेसं, नियमित लावूनही तीन आठवड्यांत भुसा कमी झाला नाही, तर मलम बदलत बसू नका, खरवड तपासून घ्या.

आणि दोन आठवडे पुरे करून थांबल्यावर पुढचे दोन आठवडे फक्त बघा, तीच सकाळची वेळ, तोच उजेड. जुन्या कडेवरच परत भुसा दिसला तर बुरशी मेलेलीच नव्हती, पुन्हा सुरुवात करा आणि या वेळी पेर मोजून लावा. दोन-तीन महिन्यांनी भलतीकडे, मांडीवर किंवा कंबरेला, नवा गोल उठला तर तो बहुधा नवा संसर्ग. तेव्हा मलमाला नाव ठेवण्याआधी तुमचे तळवे आणि घरच्यांची अंगं बघा.